डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज

८ फेब्रुवारी १९८२, सोमवार. सकाळपासून मी सायक्लोस्टाइलवर प्रती काढायला स्टेन्सिल कापत होते. नव्या तुकडीच्या शिकाऊ मुलांसाठी सुरक्षेच्या सूचना हव्या होत्या. मराठी टाइपरायटरवर रिबन काढून स्टेन्सिल कापताना जोडाक्षराला हात जरा जोरात पडला तर कागद फाटतो, म्हणून मी त्या वेळी कोणाशी बोलत नसे. हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. तरी मास्तर आले आणि टेबलाशी उभे राहिले.

मास्तर म्हणजे आमच्या ट्रेनिंग विभागाचे फाउंड्रीचे शिक्षक. खेडकडच्या गावातून आलेले. आधी भट्टीवर हेल्पर होते, मग ओतकाम करणारे झाले आणि शेवटी शिकवायला लागले. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात ज्याने कोणी वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, तो त्यांच्या हाताखालून गेलेला. भट्टीच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांचा गळा कायम बसलेला असे. या हिवाळ्यात तो बसला तो उठलाच नाही.

"बाई," ते म्हणाले, "जरा थांबता का?"

मी थांबले. त्यांनी मुंबईच्या इस्पितळाचा कागद पुढे केला. इंग्रजी होता, तो मी वाचला. स्वरयंत्र काढून टाकायचं होतं. मार्चच्या सुरुवातीला भरती व्हायचं.

"डागदर म्हनाला, जीव वाचंल. आवाज न्हाई वाचनार." ते हसल्यासारखं करून म्हणाले. "मास्तरचा आवाज गेला की मास्तर कसला? मेडिकल अनफिट. मंग क्वार्टर सोडा. पोरगी बारावीला हाय."

यात काही अतिशयोक्ती नव्हती. अनफिट झालेल्या माणसाचं सामान कॉलनीतून टेम्पोत चढताना मी पाहिलेलं होतं. मी त्यांना "होईल सगळं ठीक" वगैरे म्हणाले नाही. त्यांनी बसावं म्हणून खुर्ची पुढे केली आणि मी आमच्या साहेबांकडे गेले.

आमचे साहेब म्हणजे ट्रेनिंग ऑफिसर. पुण्याहून रोज स्कूटरने येत. वयाने माझ्यापेक्षा लहान, मनाने चांगले, पण वरच्यांच्या समोर गेले की शब्द विसरणारे. मुख्य कचेरीने नुकताच एक व्हिडिओ संच पाठवला होता: एक टीव्ही आणि जाडजूड पुस्तकाएवढी कॅसेट घेणारं एक यंत्र. ट्रेनिंगच्या फिल्म तयार करा, असा हुकूमही बरोबर आला होता. पहिली फिल्म ओतकामावर करायची ठरलेली होती. मुंबईचा एक कॅमेरावाला त्यासाठी नेमला होता आणि तो एकदा येऊन जागा पाहून गेला होता.

मी साहेबांना म्हटलं, "फिल्ममध्ये आवाज मास्तरांचा घ्या. ऑपरेशनच्या आधी. मग बिनआवाजाचा मास्तर आणि मास्तरांचा आवाज असलेली फिल्म असं दोन्ही मिळून शिकवतील. तसं पर्सोनेल मॅनेजरांना लिहून द्या."

साहेबांनी डोकं खाजवलं. "पण चित्रीकरण तर एप्रिलमध्ये आहे. आधी चित्र, मग आवाज, असं असतं ना?"

"मग या वेळी उलटं करू."

पर्सोनेल मॅनेजरांनी हो म्हटलं, म्हणजे नाही म्हटलं नाही. "फिल्म झाली की पाहू," एवढंच. आमच्याकडे एवढ्यावर कामं सुरू होत.

स्क्रिप्ट लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मराठी टाइपरायटर माझ्याकडे होता. साहेबांनी इंग्रजी पुस्तकावरून मजकूर काढून दिला. मी तो सलग टाइप केला. 'द्रवरूप धातू ओतण्यापूर्वी ओतकाम करणाऱ्या कामगाराने पात्राच्या अंतर्भागाची शुष्कता तपासून घेणे अत्यावश्यक असते.' मास्तरांनी हे मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. 'शुष्कता'पर्यंत जाऊन ते खोकायला लागले, ते पाणी पिऊनही थांबेनात. डॉक्टरांनी त्यांना मुळात बोलूच नका असं सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात कॅमेरावाला कागदपत्रांसाठी आला होता. त्याने माझं ते सलग टाइप केलेलं पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, ये तो निबंध हुआ. असा नाही. पेन्सिल द्या."

त्याने कोऱ्या कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे वर लिहिलं 'चित्र', उजवीकडे 'आवाज'. मग आडव्या रेघा मारून खण पाडले आणि त्यांना आकडे घातले.

"एक खण म्हणजे एक चित्र. डावीकडे काय दिसतं ते: कुठे आहे, काय करतोय, जवळून का लांबून. उजवीकडे त्याच वेळी काय ऐकू येतं ते. दोघं एका रांगेत पाहिजेत. उजवीकडची वाक्यं लांबली तर डावीकडचं चित्र तेवढा वेळ धरून ठेवावं लागतं. लोक जांभया देतात. आणि चित्रात दिसतंय ते तोंडाने बोलायचं नाही. दिसतंय ना? मग कशाला बोलता?"

"मग तोंडाने काय बोलायचं?"

"जे दिसत नाही ते."

हे मला लगेच पटलं. लेडल, म्हणजे लोखंड ओतायचं ते लांब दांड्याचं भांडं, कोरडं आहे का ते बघताना चित्रात दिसेल. पण ते ओलं राहिलं तर आत पडलेलं लोखंड उसळून तोंडावर येतं, हे चित्रात दाखवता यायचं नाही. ते बोलायला हवं. बाकीचं चित्राने करावं. आणि मास्तरांच्या गळ्यात जेवढे शब्द शिल्लक होते, ते फक्त न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च व्हावेत.

मी टाइपरायटरवर टॅब मधोमध लावला आणि खण एकेक करून दोन्ही बाजू टाइप करायला लागले. आधी डावीकडचं पूर्ण, मग रोलर मागे फिरवून उजवीकडचं. मग उजव्या रकान्यावर कोरा कागद ठेवून नुसती डावी बाजू वाचायची. नुसत्या चित्रावरून काम कळतंय का? मग डाव्या बाजूवर कागद ठेवून नुसती उजवी वाचायची. जो शब्द दोन्हीकडे आलेला असेल, तो उजवीकडून कापायचा. मी पेन्सिल घेऊन बसले की मास्तर समोर बसून बघत. पहिल्या दिवशी उजवा रकाना भरगच्च होता. आठवडा संपेपर्यंत त्यात मोकळी जागा जास्त आणि अक्षरं कमी राहिली.

"माजं तोंड शिवायला निगाला बाई तुमी," मास्तर कुजबुजले.

"डॉक्टर शिवणारच आहेत. मी आधी माप घेतेय."

ते हसले आणि त्या हसण्याने त्यांना खोकला आला. मग मी चेष्टा करणं बंद केलं.

वेळ मोजायला मी टाइम स्टडीवाल्यांकडून स्टॉपवॉच मागून आणलं. कारखान्यात त्या घड्याळाला सगळे भीत. ते मशीनजवळ दिसलं की समजायचं, आता कामाचा कोटा वाढणार. मास्तरांनी ते माझ्या हातात पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "आता बोलन्याचा बी कोटा लावता का?"

"लावते. एका खणात एवढंच."

खण वाचताना त्यांचा श्वास कुठे तुटतो ते मी पाहत होते. जिथे तुटे तिथे वाक्य संपवत होते. त्यांच्या श्वासाएवढी वाक्यं. पुस्तकातली भाषा कधीच गळून पडली होती. उरलं ते असं: 'लेडल ओली असंल तर लोखंड उडतंय.' 'वरची मळी काढल्याबिगर ओतू नका, माल वाया जातुया.' 'ओतायला लागलात की मधी थांबू नका.'

साहेब म्हणाले, "ही भाषा चालेल का वर?"

"भट्टीवर चालते," मी म्हटलं.

रेकॉर्डिंगला गुरुवार निवडला. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, विजेच्या टंचाईमुळे. त्या दिवशी शेजारच्या फोर्जिंगचे हातोडेही बंद असत, त्यामुळे निदान शांतता होती. वीज नव्हती, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर चालवायचा. ट्रेनिंगच्या खोलीच्या खिडक्यांना मी प्रथमोपचार खोलीतली घोंगडी टांगली. मास्तरांची बायको कोमट पाण्याचा थर्मास घेऊन आली होती. ती दाराशी स्टुलावर बसली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू फोटो काढायचा होता.

पहिले दोन-तीन खण कागद बघून वाचले, अगदी सपाट आवाजात, शाळकरी मुलासारखे. साहेब तोंड वाकडं करून माझ्याकडे बघायला लागले. मग मास्तरांनी कागद खाली ठेवला.

"उभं ऱ्हाऊन सांगू का? बसून मला शिकवता येत न्हाई."

उभे राहिले आणि माणूस बदलला. गळा फाटलेलाच होता, पण त्यात जोर आला. वाक्यं माझीच, खणाखणाने, थांबायचं तिथे थांबून. हात पुढे, पाय तिरका, खांदा आत. खोलीत लेडल नव्हती तरी ती दिसत होती. साहेब पुढे झुकून बघत होते. मास्तरांच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता, पण नजर हलवली नव्हती. मी स्टॉपवॉच दाबत होते, तेही खाली न बघता. शेवटचा खण झाला तेव्हा त्यांचा आवाज संपत आलेला होता. शेवटची अक्षरं नुसता वारा होती.

"झालं?" त्यांनी ओठांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. त्यानंतर मी त्यांना बोलताना ऐकलं नाही. सोमवारी ते मुंबईला गेले.

ते गेल्यावर मी टेप घेऊन बसले. आता आवाज पक्का झाला होता. त्याच्या लांबीवर डावीकडची चित्रं बसवायची होती, म्हणजे कॅमेरावाल्याला नेमकं कळेल की कुठलं चित्र किती वेळ घ्यायचं. मी टेप लावली. खोलीत कोणी नव्हतं. फक्त आवाज.

'लेडल ओली असंल तर लोखंड उडतंय. म्हनून आधी असं बघा. असं न्हाई. असं.'

मी टेप मागे घेतली. पुन्हा लावली.

'उभं ऱ्हाताना असं. पाय असा. समोर न्हाई, असं.'

पहिलं वाक्य सोडलं तर कागदावर हे काहीच नव्हतं. उभे राहिल्यावर त्यांनी माझ्या वाक्यांत आपली वाक्यं मिसळली होती, जशी ते रोज भट्टीसमोर बोलत: हाताने दाखवायचं आणि तोंडाने 'असं' म्हणायचं. तिथे बसलेल्या आम्ही सगळ्यांनी त्यांचे हात पाहिले होते. हात इतके स्पष्ट होते की कान कोणी लावलेच नाहीत. आता टेपमध्ये हात नव्हते. खणामागून खण नुसतं 'असं', 'असं न्हाई', 'मंग असं'. उजवा रकाना भरलेला आणि डावीकडे लिहायला माझ्याकडे काही नाही. मी त्यांच्यासमोर बसले होते, पण स्टॉपवॉच दाबत होते. कुठला हात कुठे होता, हे मला सांगता येईना. अंदाजाने लिहिलं असतं तर कोणीतरी पोरगं ते बघून उकळत्या लोखंडासमोर चुकीचं उभं राहिलं असतं.

साहेबांना ऐकवलं. ते खुर्चीत मागे टेकले.

"परत रेकॉर्ड..." असं म्हणाले आणि मध्येच थांबले. ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते.

मग हळूच म्हणाले, "पुण्यातला एखादा निवेदक घेऊ. चांगला आवाज. मूळ कागदावरून वाचेल."

"मग मास्तरांना कशाला ठेवतील?"

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "बाई, खरं सांगू? मॅनेजर परवा म्हणत होते, फिल्म एकदा झाली की शिक्षक हवाच कशाला? आवाज असू दे नाहीतर नसू दे."

तेव्हा मला दोन्ही बाजूंनी भिंत दिसली. फिल्म बिघडली तर मास्तर अनफिट. फिल्म चांगली झाली तर मास्तर अनावश्यक. मी ज्या कागदाला माणूस वाचवायला हात घातला होता, तो दोन्ही रकान्यांनी त्याला बाहेर काढत होता. घरी गेले, भाकऱ्या थापल्या, नवऱ्याच्या शिफ्टचा डबा भरला. जेवताना नवरा म्हणाला, "आज मीठ दोनदा घातलंस." मी म्हटलं, "खा."

मास्तर परत आले ते मार्च सरत आला तेव्हा. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. ते कॉटवर बसले होते. गळ्याला खाली भोक आणि त्यावर पांढरं पातळ फडकं, श्वास घेतला की ते आत ओढलं जाई. हाताशी मुलीची जुनी पाटी. त्यांनी मला बघून बसा अशी खूण केली.

मी सरळ सांगितलं, काय झालं आहे आणि काय हवं आहे. टेप लावू का विचारलं.

त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "नगा लावू बाई. घरात तो आवाज नगं आता. पोरगी रडती."

"पोरगी कुठे आहे?"

"क्लासला."

"मग येईपर्यंत आवरते."

ती आत गेली आणि भांडी जोरजोरात घासायला लागली. मास्तरांनी माझ्या हातातून टेपरेकॉर्डर घेतला आणि स्वतःच बटण दाबलं.

खोलीत त्यांचा आवाज आला. आत भांडी थांबली. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले, गळ्यावरचं फडकं आतबाहेर होत होतं. पहिला खण संपला. त्यांनी बटण बंद केलं, पाटी ओढली आणि लिहिलं: 'लई बोलतो हा.'

मी हसले. आतून त्यांची बायको आली, पाटी वाचली आणि दाराच्या चौकटीला टेकून तीही हसली, आणि तशीच रडलीही.

मग काम सुरू झालं. मी एक 'असं' वाजवायची आणि थांबवायची. मास्तर उठून उभे राहायचे आणि करून दाखवायचे. मी लिहायची: 'मध्यम अंतर. लेडलचं तोंड स्वतःकडे नाही, बाजूला. मान वाकवून आत बघतात, चेहरा भांड्यावर नाही.' पुढचं 'असं न्हाई': 'चूक. चेहरा थेट भांड्यावर.' मी लिहिलेलं वाचून दाखवायची, ते मान हलवायचे किंवा माझा हात धरून तो हवा तसा वळवायचे. डावा रकाना भरायला लागला.

एका ठिकाणी अडलो. 'साच्यात ओतताना हात असा... असा... आनि असाच ऱ्हाऊ द्या.' पहिला हात त्यांनी दाखवला. दुसरा आठवेना. टेप मागे घेतली, पुन्हा लावली, पुन्हा मागे घेतली. ते हात हवेत धरून उभे होते आणि आपल्याच आवाजाला विचारत होते की मी काय करत होतो. घाम आला त्यांना. बायको म्हणाली, "बसा आता." बसले नाहीत. अखेर माझ्याकडे वळले, माझा हात घेतला आणि त्यात पोळपाटाजवळचं लाटणं दिलं. मग माझ्या कोपराखाली आपला तळवा ठेवला आणि हळूहळू कोपर उचललं.

दुसरं 'असं' त्यांच्या स्वतःच्या हाताचं नव्हतंच. ते शिकणाऱ्याच्या कोपराखाली ठेवलेल्या हाताचं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी समोर कोणीतरी मुलगा आहे असं धरून त्यांनी तो हात पुढे केला असणार.

मी ते लिहिलं नाही. त्या खणाची डावी बाजू तशीच कोरी ठेवली. घरी येताना बसमध्ये तो खण माझ्या डोक्यात होता.

एप्रिलमध्ये कॅमेरावाला आला. गुरुवारी, फाउंड्री बंद आणि हवेत धूळ नाही, तेव्हा मास्तरांच्या गळ्याला सोसेल अशा वेळी रिकाम्या लेडलची सगळी चित्रं बॅटरीवरच्या कॅमेऱ्याने घेतली. मी माझं स्क्रिप्ट घेऊन बाजूला उभी. मोठ्याने टेप वाजवायची आणि मास्तर आपल्याच आवाजाबरोबर हात हलवायचे. एक खण झाला की मी डावीकडे पेन्सिलने टिक करायची. कॅमेरावाला म्हणाला, "बाई, असं काम रोज मिळालं तर मी कॅमेरा घरी ठेवून येईन. सगळं कागदावरच आहे."

शुक्रवारी खरं ओतकाम घ्यायचं होतं. मास्तरांना भट्टीजवळ येऊ दिलं नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण ओतणार होता. भट्टीचं तोंड उघडलं, लोखंड लेडलमध्ये पडायला लागलं, आणि कॅमेरावाल्याने लांबूनच भिंगावर झाकण घातलं.

"नहीं होगा. कॅमेऱ्यात नळी असते. इतका उजेड तिच्यावर पडला तर डाग पडतो, तो कायमचा. पुढच्या प्रत्येक चित्रात तो डाग दिसणार. कॅमेरा माझ्या मालकाचा आहे."

साहेब घामाघूम. "मग तो भाग?"

"चित्र काढून घ्या कोणाकडून तरी. नाहीतर काळा पडदा."

त्या वेळी माझं मन एकदम शांत झालं. कोपराखालचा हात आणि काळा पडदा, दोन्ही एकाच खणात बसत होते. रिकाम्या लेडलमध्ये कोरडी वाळू भरून ओतण्याचं चित्र घेता आलं असतं. मास्तर मुलांना सुरुवातीला तसंच शिकवत. मला ते ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी तिथेच उभी राहून डाव्या रकान्यात लिहिलं: 'पडदा काळा. टेप बंद करावी. शिक्षक वर्गात कोरडी वाळू भरलेली लेडल घेऊन प्रत्येक शिकाऊ मुलाच्या हाताने ओतून घेतील. त्यानंतरच टेप पुढे.' उजवीकडे तेच होतं, टेपमधलं: 'असा... असा... आनि असाच ऱ्हाऊ द्या.' साहेबांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं.

"प्रत्येक मुलाच्या हाताने?"

"कोपर धरल्याशिवाय येत नाही ते. मास्तरांना विचारा."

फिल्म मुंबईत जोडून आली. मॅनेजरांना दाखवायचा दिवस ठरला, नव्या तुकडीबरोबर, दुपारी. मास्तर मागे भिंतीला टेकून उभे, गळ्यावर फडकं, शेजारी वाळूची लेडल. मी यंत्रापाशी. टीव्हीवर मास्तर दिसले, बोलले. मुलं एकदा टीव्हीकडे, एकदा मागे बघायला लागली. मॅनेजर मान डोलवत होते, आणि तेच मला नको होतं. ती मान 'छान, आता हीच पुरे' असं म्हणत होती.

मग तो खण आला. 'असा... असा...' पडदा काळा. मी टेप बंद केली.

"बिघडलं काय?" मॅनेजर म्हणाले.

"नाही साहेब. इथे मास्तर येतात."

मास्तर पुढे आले. पहिल्या बाकावरच्या मुलाला खूण केली. त्याने लेडल उचलली. वाळू भसकन सांडली. मागून कोणीतरी म्हणालं, "भावा, भेळ वाढतोस काय?" सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी लेडल पुन्हा भरली, मुलाचा पाय आपल्या पायाने तिरका केला, कोपराखाली तळवा ठेवला. वाळूची धार एकसारखी पडायला लागली. मुलगा नवलाने आपल्याच हाताकडे बघत होता. मग दुसरा मुलगा आला, मग तिसरा. खोलीत वाळू पडल्याचा तेवढा आवाज.

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. उठताना मला म्हणाले, "हे फार लांबतं. तो काळा भाग भरून टाका, एखादं रेखाचित्र वगैरे. स्क्रिप्टची पक्की प्रत उद्या सकाळी माझ्याकडे आणा. मी सही करतो त्यावर. त्यात जे असेल तीच पद्धत. आणि मास्तरांची मेडिकलची फाईलही पाठवा."

साहेब "हो सर" म्हणाले. मास्तर वाळू झाडूने गोळा करत होते. त्यांनी ऐकलं होतं, कान तर शाबूत होते. पाटी त्यांनी हातात घेतली नाही. लेडल पुसून जागेवर ठेवली, दांडा भिंतीकडे करून, जसं ते मुलांना रोज ठेवायला लावत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या आधीची बस पकडली. मशीनवर नवा कागद चढवला, टॅब मधोमध लावला आणि सगळे खण पक्के टाइप केले. काळ्या पडद्याच्या खणाशी आले तेव्हा रेखाचित्र लिहिलं नाही. जे होतं तेच टाइप केलं, फक्त 'शिक्षक'च्या जागी 'फाउंड्रीचे विद्यमान शिक्षक' असं घातलं. मेडिकलची फाईल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती, ती तिथेच राहू दिली. मग वर गेले आणि मॅनेजरांच्या टेबलावर स्क्रिप्ट त्या पानावर उघडून ठेवलं.

त्यांनी वाचलं. "बसा."

मी उभीच राहिले.

"हे काळं राहणारच म्हणता?"

"तापलेल्या लोखंडाकडे बघू शकणारा कॅमेरा येईपर्यंत. आणि चित्राला कोपर धरता येत नाही."

"येईल तोही कॅमेरा. दोन-चार वर्षांत."

"येऊ दे."

ते पेनने टेबलावर टकटक करत राहिले. बाहेर पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला. मग त्यांनी सही केली आणि सहीशेजारी इंग्रजीत लिहिलं: एक वर्षासाठी. मी कागद उचलला, खाली आले, रिबन काढली आणि त्या पानाची स्टेन्सिल कापायला बसले.